सात बोल्टांचा ब्रॅकेट: सगळ्यात जास्त ओझं नेमकं कुणावर?

दुपारी जेवायला बसत होतो तेवढ्यात साइटवरून फिटरचा फोन आला. "साहेब, ब्रॅकेटचा खालचा उजवा बोल्ट बसत नाही. नटाच्या जागेवरच ब्रेसिंगची क्लीट आलीय. सात बोल्ट लावून मोकळे होऊ का?" ड्रॉइंगमध्ये आठ बोल्ट होते. ऑफिसातल्या नव्या मुलाला म्हटलं, जरा बघून सांग. दहा मिनिटांत तो कागद घेऊन आला. "सर, होतंय. सगळ्यात दूरचा बोल्ट शोधला, त्याच्यावर ३९.६ किलोन्यूटन येतात. बोल्टची ताकद ४५.३ आहे."

त्याच्या कागदावरचा प्रत्येक आकडा बरोबर होता, फक्त बोल्ट चुकीचा होता. खऱ्या वाईट बोल्टवर ४५.२ येत होते, म्हणजे हातात काहीच शिल्लक नव्हतं. हा बोल्ट कसा शोधायचा ते याच ब्रॅकेटवर बघू.

आधी ब्रॅकेट डोळ्यासमोर आणा

एक कॉलम आहे, त्याची फ्लॅंज २५० मिमी रुंद. फ्लॅंजवर १० मिमी जाडीची प्लेट सपाट बसवलीय आणि ती उजवीकडे बाहेर निघालीय. बाहेरच्या टोकावर प्लॅटफॉर्मचा बीम टेकतो. कॉलमच्या पुढच्या आणि मागच्या फ्लॅंजवर अशा दोन सारख्या प्लेटा आहेत आणि बीम बरोबर दोघींच्या मध्ये आहे. त्यामुळे एकूण २०० किलोन्यूटनचे दोन समान भाग होतात आणि एका प्लेटला १०० किलोन्यूटन येतात. हा भार सुरक्षा-गुणक लावून झालेला आहे, पुन्हा दीडने गुणायचं नाही.

भाराची रेषा कॉलमच्या मध्यरेषेपासून २०० मिमीवर आहे. बोल्ट एम२०, ग्रेड ४.६. दोन उभ्या रांगा, रांगांमधलं अंतर म्हणजे गेज १२० मिमी. प्रत्येक रांगेत चार बोल्ट, त्यांच्यातलं उभं अंतर म्हणजे पिच ८० मिमी. मूळ ड्रॉइंग एवढंच.

गणिताआधी एक खात्री करून घ्या: भार प्लेटच्याच पातळीत आहे का? इथे प्लेट फ्लॅंजला चिकटलेली आहे आणि भार तिच्याच पातळीत खाली ओढतोय. त्यामुळे प्लेट घड्याळाच्या काट्यासारखी फिरू बघते आणि सगळे बोल्ट आडवे कापले जायला बघतात, म्हणजे फक्त शिअर. याउलट ब्रॅकेट कॉलमच्या तोंडावर उभा ठोकलेला असेल आणि भार त्या तोंडापासून पुढे, आपल्या अंगावर येईल असा लटकत असेल, तर वरचे बोल्ट उपटले जायला बघतात. त्यांच्यात ताण येतो आणि ते गणित वेगळं आहे. आयएस ८००:२००७ मध्ये त्यासाठी कलम १०.३.६ आहे, तिथे शिअर आणि ताण या दोघांची गुणोत्तरं वर्ग करून मिळवतात आणि बेरीज एकच्या आत ठेवतात. खाली लिहिलंय ते फक्त पहिल्या प्रकाराबद्दल.

पायरी पहिली: गटाचा मध्य, आणि अंतर तिथूनच

प्लेट कशाभोवती फिरू बघते? बोल्टगटाच्या मध्याभोवती. आठ बोल्ट सममित असताना हा मध्य दोन रांगांच्या आणि चार ओळींच्या बरोबर मधोमध येतो. इथे तो कॉलमच्या मध्यरेषेवरच पडतो, म्हणून भाराचं अंतर, ज्याला आपण एक्सेंट्रिसिटी म्हणतो, ते २०० मिमी.

इथली नेहमीची चूक म्हणजे हे अंतर फ्लॅंजच्या कडेपासून मोजणं. टेप लावायला कड सोपी पडते आणि कडेपासून भार ७५ मिमीवरच दिसतो. ७५ धरून गणित केलं तर सगळ्यात वाईट बोल्टवर १९.९ किलोन्यूटन येतात, २०० धरून ३६.३. जवळजवळ दुपटीचा फरक, तोही एका टेपच्या टोकामुळे. वेल्डिंगच्या ब्रॅकेटवरून बोल्टच्या ब्रॅकेटकडे आलेली माणसं ही चूक जास्त करताना मी पाहिलीत.

पायरी दुसरी: भार मध्यावर आणून ठेवा

२०० मिमी लांबचा १०० किलोन्यूटन भार उचलून गटाच्या मध्यावर ठेवला असं समजा. जागा बदलल्याची भरपाई म्हणून सोबत एक मोमेंट येतो:

M = P × e = १०० × २०० = २०,००० किलोन्यूटन-मिमी

आता दोन वेगळी कामं झाली. मध्यावरचा भार सगळ्यांत सारखा वाटला जातो, दर बोल्टला १०० ÷ ८ = १२.५ किलोन्यूटन, सरळ खाली. मोमेंट मात्र सारखा वाटला जात नाही. प्लेट ताठ आहे असं धरलं तर ती फिरताना मध्यापासून दुप्पट लांबचा बोल्ट दुप्पट सरकतो, म्हणून त्याच्यावर दुप्पट बळ येतं. शिवाय लांब असल्यामुळे त्या बळाचा हातही दुप्पट असतो, म्हणजे मोमेंट पेलण्यात त्याचा वाटा चौपट. म्हणूनच अंतरांचे वर्ग लागतात. सगळ्या बोल्टांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज म्हणजे J:

J = Σx² + Σy²

x हे मध्यापासूनचं आडवं अंतर, y उभं. आपल्या आठ बोल्टांना x सगळीकडे ६० आणि y कुठे ४० तर कुठे १२०. मग

Σx² = ८ × ६०² = २८,८००
Σy² = ४ × ४०² + ४ × १२०² = ६४,०००
J = ९२,८०० मिमी²

बोल्टचं क्षेत्रफळ यात कुठे आलं नाही, कारण सगळे बोल्ट एकाच मापाचे आहेत. वेगवेगळी मापं मिसळली असती तर प्रत्येक वर्गाला त्या बोल्टच्या क्षेत्रफळाने गुणावं लागलं असतं.

पायरी तिसरी: चिन्हं एकदा ठरवा, पुन्हा हात लावू नका

मोमेंटचं बळ बोल्टवर कुठल्या दिशेने येतं हे समजायला मी अजूनही एक पोरखेळ करतो. कागदाच्या चिठ्ठीवर बोल्टांचे ठिपके काढायचे, मध्यावर पेन्सिलचं टोक दाबायचं आणि भार ओढतो तशी चिठ्ठी फिरवायची. भार उजवीकडे असला की चिठ्ठी घड्याळाप्रमाणे फिरते: वरचे ठिपके उजवीकडे जातात, खालचे डावीकडे, उजवे खाली, डावे वर.

खालच्या दिशेला तर सरळ भारही ओढतोच आहे. म्हणजे उजव्या रांगेत दोन्ही बळं एकाच दिशेने जमतात आणि डाव्या रांगेत एकमेकांविरुद्ध जातात. सगळ्या लेखाचं मर्म या एका वाक्यात आहे. बाकी आकडेमोड.

चिन्हं अशी ठेवा: x उजवीकडे धन, y वर धन, आडवं बळ H उजवीकडे धन, उभं बळ V खाली धन. भार उजवीकडे असेल तर H आणि V ची सूत्रं दोनच राहतात आणि चिन्हांची काळजी ती स्वतःच घेतात. n म्हणजे बोल्टांची संख्या, R म्हणजे बोल्टवरचं एकूण बळ:

H = M·y / J
V = P/n + M·x / J
R = √(H² + V²)

उजवा वरचा बोल्ट घेऊ. x = +६०, y = +१२०.

H = २०,००० × १२० ÷ ९२,८०० = २५.९
V = १२.५ + २०,००० × ६० ÷ ९२,८०० = १२.५ + १२.९ = २५.४
R = ३६.३ किलोन्यूटन

डावा वरचा बोल्ट घेऊ. मध्यापासून तेवढाच लांब, १३४ मिमी. पण x = −६०, त्यामुळे V = १२.५ − १२.९ = −०.४, आणि R साधारण २५.९ किलोन्यूटन. अंतर तेच, ओझं पाव हिश्शाहून जास्त कमी. "दूरचा बोल्ट शोधा" या नियमाची पहिली भेग इथेच दिसते. सममित गटात ती कुणाला टोचत नाही, कारण चारही कोपरे सारखेच लांब असतात आणि उजवा कोपरा निवडला की उत्तर बरोबर येतं. गट वाकडा झाला की मात्र हा नियम दगा देतो.

आता सात बोल्ट

खालचा उजवा बोल्ट, x = +६०, y = −१२०, गेला. मध्य लगेच सरकतो, गेलेल्या बोल्टपासून दूर, म्हणजे डावीकडे आणि वर. किती? जुन्या मध्यापासून उरलेल्या साताच्या x ची बेरीज −६० येते आणि y ची +१२०. दोघांना सातने भागा: मध्य ८.५७ मिमी डावीकडे, १७.१४ मिमी वर.

बोल्ट गेला आणि मध्य सरकला म्हणजे चार गोष्टी एकदम बदलतात. भाराचं अंतर वाढून २०८.५७ झालं, मोमेंट २०,८५७ झाला, दर बोल्टचा सरळ वाटा १०० ÷ ७ = १४.२९ झाला, आणि प्रत्येक x, y नवे झाले. उजव्या रांगेचा x आता +६८.५७, डावीचा −५१.४३. ओळींचे y वरून खाली +१०२.८६, +२२.८६, −५७.१४ आणि −१३७.१४.

नवा J सगळ्या नव्या अंतरांवरून काढता येतो, पण एक सोपी वाट आहे. जुन्या J मधून गेलेल्या बोल्टचे वर्ग वजा करा, मग बोल्टांची संख्या गुणिले सरकण्याच्या अंतराचा वर्ग वजा करा:

J = ९२,८०० − (६०² + १२०²) − ७ × (८.५७² + १७.१४²) = ९२,८०० − १८,००० − २,५७१ = ७२,२२९ मिमी²

M/J = ०.२८८८. आता सगळ्या सातांवर सूत्रं फिरवू. बळं किलोन्यूटनमध्ये, अंतरं मिमीमध्ये.

| बोल्ट | मध्यापासून अंतर | H | V | R |
|---|---|---|---|---|
| उजवा वरचा | १२३.६ | २९.७ | ३४.१ | ४५.२ |
| उजवा दुसरा | ७२.३ | ६.६ | ३४.१ | ३४.७ |
| उजवा तिसरा | ८९.३ | −१६.५ | ३४.१ | ३७.९ |
| डावा वरचा | ११५.० | २९.७ | −०.६ | २९.७ |
| डावा दुसरा | ५६.३ | ६.६ | −०.६ | ६.६ |
| डावा तिसरा | ७६.९ | −१६.५ | −०.६ | १६.५ |
| डावा खालचा | १४६.५ | −३९.६ | −०.६ | ३९.६ |

डावा खालचा बोल्ट १४६.५ मिमीवर, सगळ्यात लांब. त्याच्यावर ३९.६. उजवा वरचा त्याच्यापेक्षा २३ मिमी जवळ, तरी ४५.२. आमच्या मुलाने अंतरं काढली, मोठं अंतर दिसलं तिथे गोल केला आणि फक्त त्याच बोल्टचा R काढला. डाव्या बोल्टला मोमेंट जवळपास १४.९ ने वर ढकलतोय आणि सरळ भार १४.३ ने खाली ओढतोय, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, हे त्याला दिसलं नाही कारण तिरका समोरचा कोपरा त्याने तपासलाच नाही.

दुसऱ्या टोकाची चूक करणारेही आहेत. ते दिशा बघतच नाहीत, मोमेंटचं बळ आणि सरळ बळ सरळ मिळवून टाकतात. डाव्या खालच्याला मोमेंटचं बळ ४२.३, अधिक १४.३, म्हणजे ५६.६. त्यांचा ब्रॅकेट नापास होतो, मग ते बोल्ट वाढवतात. सुरक्षित बाजूला चूक आहे म्हणून कुणी बोलत नाही, पण वाईट बोल्ट त्यांनाही सापडलेला नसतो.

बेरजा जुळतात का, हे आधी बघा

तक्त्यावर विश्वास ठेवण्याआधी दोन बेरजा करा, मिनिटभराचं काम आहे. सगळ्या V ची बेरीज मूळ भाराएवढी यायला हवी: तीन वेळा ३४.०९ आणि चार वेळा −०.५७, बेरीज १००. सगळ्या H ची बेरीज शून्य यायला हवी, कारण आडवा भार कुठून आलेलाच नाही. उजव्या रांगेत +१९.८, डावीत −१९.८. जुळलं.

ही तपासणी नेमकी कुठली चूक पकडते? बोल्ट काढून टाकला पण मध्य जुनाच ठेवला, ही. तसं केलं तर e २०० राहतो, J ७४,८०० येतो आणि उजव्या वरच्यावर ४४.२ किलोन्यूटन येतात. ४५.२ च्या जागी ४४.२. आकडा इतका जवळचा की नजरेला काही खटकत नाही. पण V ची बेरीज करा: ८४ येते. सोळा किलोन्यूटन हवेत विरघळले. आणि H ची बेरीज ३२ येते, शून्य नाही. बेरीज फसली की नव्वद टक्के वेळा मध्य चुकलेला असतो, असा माझा अनुभव. स्प्रेडशीटमध्ये हे दोन सेल मी नेहमी लाल करून ठेवतो.

स्प्रेडशीट वापरणार असाल तर x, y अनुक्रमे A आणि B रकान्यात, P, n, M, J एका बाजूला नावं देऊन, आणि R साठी एवढंच:

```
=SQRT((M*B2/J)^2+(P/n+M*A2/J)^2)
```

x, y मध्ये जुन्या मध्यापासूनचे आकडे न टाकता नव्या मध्यापासूनचे टाका, बाकी सूत्र आपलं काम करेल.

मध्य सोडा, खरी खुंटी शोधा

इथवर कळलं की मग एक युक्ती वापरता येते. ती कळल्यापासून मी कोपऱ्यांची यादी करत बसत नाही.

प्लेट खरं तर गटाच्या मध्याभोवती फिरतच नाही. ती खाली सरकते आणि फिरते, दोन्ही एकाच वेळी. सरकणं आणि फिरणं मिळून बघितलं तर कुठेतरी एक बिंदू असा असतो की जिथे दोन्ही एकमेकांना रद्द करतात, म्हणजे तो बिंदू हलतच नाही. प्लेट जणू तिथे खुंटी ठोकल्यासारखी फिरते. V चं सूत्र शून्य ठेवून x काढा, हा बिंदू मिळतो. तो गटाच्या मध्याच्याच आडव्या रेषेत, भाराच्या विरुद्ध बाजूला असतो, आणि त्याचं अंतर

d = J / (n·e)

प्रत्येक बोल्टवरचं बळ म्हणजे M/J गुणिले या खुंटीपासूनचं अंतर. म्हणजे "सगळ्यात दूरचा बोल्ट" हा जुना नियम खोटा नव्हता, आपण अंतर चुकीच्या बिंदूपासून मोजत होतो.

सात बोल्टांसाठी d = ७२,२२९ ÷ (७ × २०८.५७) = ४९.५ मिमी. मध्यापासून ४९.५ मिमी डावीकडे, म्हणजे डाव्या रांगेपासून अवघ्या दोन मिमीवर. ब्रॅकेटच्या चित्रावर तिथे एक ठिपका द्या. उजवा वरचा बोल्ट या ठिपक्यापासून आडवा ११८ आणि उभा १०२.९, म्हणजे १५६.६ मिमीवर. डावा खालचा जवळजवळ सरळ खाली, १३७.२ मिमीवर. कोण लांब हे पट्टीने मोजूनही दिसतं. १५६.६ ला ०.२८८८ ने गुणा, ४५.२ मिळतात.

भार जवळ असेल तर खुंटी लांब जाते, अगदी मध्यावर भार असेल तर अनंतावर, आणि सगळे बोल्ट सारखे ओढले जातात. भार खूप लांब असेल तर खुंटी मध्याजवळ येते आणि मग मात्र मध्यापासून दूरचा बोल्टच वाईट ठरतो. जुना नियम कुठे चालतो आणि कुठे नाही हे यावरून समजतं: e गटाच्या मापाच्या कितीतरी पट असेल तर चालतो, एक-दोन पट असेल तर तपासूनच घ्या. आपल्याकडचे बहुतेक ब्रॅकेट दुसऱ्या गटात मोडतात.

बोल्टला किती झेपतं

एम२० बोल्टचं आट्यांमधलं क्षेत्रफळ २४५ मिमी². ग्रेड ४.६ ची अंतिम ताकद ४०० न्यूटन प्रति मिमी². आयएस ८०० प्रमाणे शिअरमध्ये ती √३ ने आणि सुरक्षेसाठी १.२५ ने भागायची. २४५ × ४०० ÷ (१.७३२ × १.२५) = ४५.३ किलोन्यूटन, आटे कापणाऱ्या पातळीत येतात असं धरून. ब्रॅकेटला बोल्टची लांबी आटे बाहेर राहतील इतकी नेमकी क्वचितच मिळते, म्हणून मी तेच धरतो.

बेअरिंगही बघा, म्हणजे बोल्ट शाबूत राहून प्लेटचं भोकच लांबट होण्याची शक्यता. १० मिमी प्लेट, ४० मिमी कडेचं अंतर, २२ मिमीचं भोक, ४१० न्यूटन प्रति मिमी² ताकदीची प्लेट, यांवरून ती ताकद ९९ किलोन्यूटनच्या आसपास येते. तिथे अडचण नाही, शिअरच ठरवतं.

४५.२ विरुद्ध ४५.३. कागदावर पास. पण भाराची रेषा साइटवर पाच मिमी बाहेर गेली तरी हा कागद नापास होतो, आणि बीम टेकवताना पाच मिमी म्हणजे काहीच नाही.

त्या मुलाने मग विचारलं, "सर, क्लीटमुळे डावीकडचा बोल्ट गेला असता तर बरं झालं असतं का? डावीकडे तर ओझं कमीच आहे." प्रश्न चांगला होता, म्हणून लगेच गणित केलं. खालचा डावा काढला तर मध्य उजवीकडे सरकतो, e कमी होऊन १९१.४ होतो, सगळं चांगलं वाटतं. पण मध्य वरही सरकतो, त्यामुळे खालचा उजवा बोल्ट मध्यापासून १३७ मिमी खाली पडतो आणि तो जमणाऱ्या बाजूला आहे. त्याच्यावर ४५.८ येतात. ब्रॅकेट नापास. कमी ओझ्याचा बोल्ट काढल्यावर कमी नुकसान होतं हे खरं नाही, कारण त्या बोल्टने J धरून ठेवलेला असतो.

हे गणित कुठवर खरं

प्लेट ताठ आहे आणि सगळे बोल्ट सारखे वागतात, या दोन गृहीतांवर हे सगळं उभं आहे. प्रत्यक्षात २० मिमीचा बोल्ट २२ मिमीच्या भोकात असतो. दोन मिमीचा ढिलेपणा असल्यामुळे सगळे बोल्ट एकाच क्षणी भोकाच्या कडेला टेकत नाहीत. आधी टेकलेला बोल्ट जास्त घेतो, मग थोडा नरम पडतो आणि बाकीचे त्याला गाठतात. बोल्ट नरम पडू शकतो म्हणूनच हा वाटा शेवटी ठीकठाक बसतो.

याच नरमपणाचा फायदा मोजणारी पद्धतही आहे. १९७१ मध्ये क्रॉफर्ड आणि कुलक यांनी बोल्टचं बळ आणि सरकणं यांचा वक्र वापरून फिरण्याचा खरा बिंदू शोधायची रीत मांडली, आणि अमेरिकेतल्या एआयएससी मॅन्युअलमधले बोल्टगटांचे तक्ते त्या विचारावर आहेत. तिथे आपली वरची खुंटी अंदाज करकरून शोधावी लागते, एका सूत्रात सापडत नाही. त्या पद्धतीत बहुतेक गटांची ताकद आपल्या साध्या गणितापेक्षा जास्त निघते. म्हणजे साधं गणित सहसा सुरक्षित बाजूला राहतं. पण तेवढ्यावर ४५.२ चं समर्थन करू नका. जिथे सांधा घसरूच द्यायचा नाही, घर्षणाचे बोल्ट घट्ट आवळायचे आहेत, किंवा भार सतत येतो-जातो, तिथे या नरमपणाचा आधार घेता येत नाही.

भार तिरका असेल तर एकच बदल: त्याचा आडवा भाग n ने भागून H मध्ये मिळवा, आणि M काढताना दोन्ही भागांचे हात धरा. खुंटी मग मध्याच्या आडव्या रेषेत राहत नाही, पण प्रत्येक बोल्टचे H आणि V काढून R मिळवण्याची रीत तीच.

मग काय केलं

कागदावरच असतो तर मी पिच ८० ची १०० केली असती. मूळ आठ बोल्टांना तेवढ्याने J १,२८,८०० होतो आणि वाईट बोल्ट ३६.३ वरून ३१.९ वर येतो, एकही बोल्ट न वाढवता. बोल्ट वाढवण्याआधी ते पसरून बघावेत. पण इथे भोकं पडलेली, रंग झालेला, कॉलम उभा.

म्हणून सातही बोल्ट ८.८ ग्रेडचे मागवले. त्याच मापाचा बोल्ट, ताकद दुप्पट, ९०.५ किलोन्यूटन, आणि बेअरिंगचे ९९ त्याहून वरच आहेत. फक्त उजवा वरचा बदलू असं मुलाचं म्हणणं होतं. हिशोबाने ते चाललं असतं. पण वर चढलेल्या माणसाला सात सारख्या दिसणाऱ्या बोल्टांतून एक वेगळा नेमक्या जागी लावायला सांगणं म्हणजे चूक आपणच मागवणं. फिटरला फोन लावला: "सातही ८.८ चे येतायत. लावण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यावर ८.८ कोरलंय का ते बघ आणि फोटो पाठव. आधीचे बोल्ट त्याच पेटीत टाकू नकोस." संध्याकाळी सात डोक्यांचे सात फोटो आले, आणि आठव्या भोकाचाही एक, त्यातून मागची क्लीट दिसत होती.